‘पेढे’ म्हटलं की दिवे घालवा

भोसरीपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यात सेकंदाला जेवढा मान आहे, तेवढा क्वचितच दुसरीकडे असेल. इथल्या असेंब्ली लाइनवर कुठल्या स्टेशनवरच्या माणसाने किती सेकंदांत किती बोल्ट आवळायचे हे ठरलेलं असतं. त्याला टाक्ट टाइम म्हणतात. तो चुकला की डोक्यावरचा दिवा लागतो, सुपरवायझर धावत येतो आणि संध्याकाळच्या मीटिंगमध्ये त्या चुकलेल्या सेकंदांचा पंचनामा होतो.

हीच मंडळी त्याच संध्याकाळी कंपनीच्या वार्षिक सोहळ्याला चिंचवडच्या रामकृष्ण मोरे प्रेक्षागृहात येतात आणि स्टॉपवॉच गेटवरच्या सिक्युरिटीकडे जमा करून आल्यासारखी वागतात. सहाचा कार्यक्रम सातला सुरू होतो, कारण प्रमुख पाहुणे चाकणच्या तळेगाव चौकात अडकलेले असतात. ते येईपर्यंत ध्वनिव्यवस्थावाला ‘हॅलो, चेक, वन टू’ एवढ्या भांडवलावर सभागृह सांभाळतो. त्याबद्दल कुणाची तक्रार नसते. तळेगाव चौकाला या भागात नैसर्गिक आपत्तीचा दर्जा आहे.

हे शहर सत्काराला नवखं नाही. 2016 च्या जानेवारीत पिंपरीत 89 वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं, 2024 च्या जानेवारीत शंभरावं नाट्यसंमेलन झालं. पिंपरीचं आचार्य अत्रे रंगमंदिर, भोसरीचं अंकुशराव लांडगे नाट्यगृह, निगडी प्राधिकरणातलं गदिमांच्या नावाचं नाट्यगृह, यांतल्या एखाद्या मंचावर वर्षभर कुणाच्या ना कुणाच्या खांद्यावर शाल पडतच असते. या सगळ्या सत्कारांत वजनाने सर्वांत भारी असतो तो जीवनगौरव पुरस्कार. आणि अलीकडे जीवनगौरव म्हटला की चित्रफीत आली. आयोजक तिला ‘एव्ही’ म्हणतात. साधारण तीन मिनिटांची असते, मागे बासरी वाजते, आणि तिच्या आधी कुणीतरी माइकवर जाऊन सत्कारमूर्तींची ओळख करून द्यायची असते.

ही ओळख म्हणजे दीड-दोनशे शब्दांचं किरकोळ काम, असा सर्वांचा समज असतो. म्हणून ते काम ‘चांगलं मराठी बोलणाऱ्या’ माणसाकडे जातं. बहुधा एचआरमधल्या. या माणसाला सत्कारमूर्तींचा दोन पानी बायोडेटा मिळतो, चित्रफीत मात्र मिळत नाही, कारण ती अजून एडिटिंगला असते. कार्यक्रमाच्या दिवशी दुपारीही ती एडिटिंगलाच असते. मग हा माणूस बायोडेटा समोर ठेवून बसतो आणि जन्मतारखेपासून सुरुवात करतो.

तिकडे चित्रफीत बनवणाऱ्यालाही तोच बायोडेटा मिळालेला असतो. त्यानेही जन्मतारखेपासूनच सुरुवात केलेली असते. मानपत्र लिहिणाऱ्याकडे त्याचीच झेरॉक्स गेलेली असते. परिणाम असा की जन्म, शिक्षण, पहिली नोकरी, पत्नीची खंबीर साथ हे सगळं श्रोते एकदा ओळख करून देणाऱ्याच्या तोंडून ऐकतात, एकदा पडद्यावर पाहतात, एकदा मानपत्रात ऐकतात, आणि प्रमुख पाहुणे ‘आपण आत्ताच पाहिलं की’ असं म्हणून चौथ्यांदा सांगतात. सत्काराला उत्तर देताना सत्कारमूर्ती स्वतः पाचव्यांदा सांगतात, पण तो त्यांचा हक्कच आहे. तोवर मधल्या रांगेतल्या पोरालाही त्यांचा जन्मदिनांक पाठ झालेला असतो.

खरी गंमत मात्र ओळख संपते त्या क्षणाला असते. वक्ता म्हणतो, ‘‘तर चला, पाहूया एक छोटीशी चित्रफीत!’’ आणि काहीच होत नाही. वक्ता पडद्याकडे बघतो, पडदा वक्त्याकडे. कोपऱ्यातल्या टेबलावर दोघं जण एकाच लॅपटॉपवर वाकलेले दिसतात. पडद्यावर क्षणभर No Signal येतं. मग एखाद्या समुद्रकिनाऱ्याचा वॉलपेपर आणि त्यावर पसरलेले आयकॉन. बाण इकडेतिकडे फिरतो, Final_new_2.mp4 आणि Final_new_2_latest.mp4 यांच्यामध्ये घुटमळतो आणि चुकीच्या फायलीवर बसतो. चित्र सुरू होतं, आवाज नाही. आवाज येतो तेव्हा चित्र संपत आलेलं असतं. सभागृहातले दिवे मात्र अजून लख्ख चालू, कारण ते घालवणाऱ्याला कुणी काही सांगितलेलंच नाही.

याला सगळे ‘तांत्रिक अडचण’ म्हणतात. तंत्राचा यात फारसा दोष नसतो. वक्ता, ऑपरेटर आणि दिवेवाला हे तिघे एकमेकांशी बोललेलेच नसतात, एवढंच झालेलं असतं.

गंमत अशी की तंत्र मागासलेलं होतं तेव्हा हे काम नेटकं व्हायचं. फिल्मच्या रिळाला सुरुवातीला एक वेगळी पट्टी जोडलेली असायची. तिच्यावर आठपासून दोनपर्यंत आकडे उलटे यायचे. दोनचा आकडा क्षणभर चमकला की पुढचे दोन सेकंद काळोख आणि मग चित्र. ते आकडे प्रेक्षकांसाठी नव्हतेच, प्रोजेक्टर गती घेईपर्यंत चालवणाऱ्याला अंदाज यावा म्हणून होते. पुढे टीव्हीवर टेप आली. तीही बटण दाबताच उठत नसे, चित्र स्थिर व्हायला काही सेकंद घ्यायची. म्हणून थेट प्रसारणात निवेदनाचा शेवट शब्द मोजून लिहीत. टेपला सहा सेकंद लागत असतील, तर शेवटच्या शब्दापासून सहा सेकंद मागे मोजत जायचं, तिथे सापडलेल्या शब्दाखाली रेघ मारायची, आणि निवेदक त्या शब्दावर आला की टेप सोडायची. निवेदकाचा शेवटचा शब्द आणि चित्राची पहिली चौकट एकमेकांना खेटून यायची. घरी बघणाऱ्याला वाटायचं, किती सहज!

आता बटण दाबताक्षणी चित्र येतं. त्यामुळे कुणाला काही मोजावंसं वाटत नाही, आणि म्हणून नेमकं वेळेवर काहीच येत नाही.

मोजायचं कसं, ते एका खऱ्या माणसावर करून पाहू. या पट्ट्यात त्यासाठी राहुल बजाज यांच्याइतकं सोयीचं नाव नाही. त्यांना 2017 मध्ये सीआयआयचा जीवनगौरव पुरस्कार मिळाला. त्या समारंभात कोण काय बोललं याच्याशी आपल्याला कर्तव्य नाही. आपण असं धरू की आकुर्डीतल्याच एखाद्या सभागृहात त्यांचा असा गौरव आहे, तीन मिनिटांची चित्रफीत तयार आहे आणि ओळख करून द्यायची आहे.

नेहमीच्या पद्धतीची ओळख कशी होईल? 10 जून 1938 रोजी कोलकात्यात जन्म, जमनालाल बजाज यांचे नातू, दिल्लीचं सेंट स्टीफन्स कॉलेज, 1964 मध्ये हार्वर्डची एमबीए, 1968 पासून बजाज ऑटोची धुरा, 2001 मध्ये पद्मभूषण, 2006 ते 2010 राज्यसभेचे खासदार. यातला शब्दन्‌शब्द खरा आहे, आणि ओळखीसाठी शब्दन्‌शब्द निरुपयोगी आहे. कारण हे सगळं पडद्यावर येणारच, तेही फोटोसकट. हार्वर्डचा फोटो दिसत असताना ‘हार्वर्ड’ हा शब्द जिवंत वाटतो. त्याच्या दोन मिनिटं आधी माइकवर उच्चारला तर फोटो येतो तेव्हा तो शिळा झालेला असतो.

म्हणून पहिलं काम कागदावरचं नाहीच. आधी चित्रफीत बघायची, हातात घड्याळ घेऊन. पहिलं चित्र कोणतं, पहिला आवाज कोणता, नाव कितव्या सेकंदाला येतं, एवढंच टिपायचं. समजा आपल्या चित्रफितीत पहिले दोन सेकंद काळोख आहे. मग नुसता आवाज: जुन्या चेतकला किक मारल्याचा. एक किक, वाया गेलेली. स्कूटर बाजूला कलती केल्याची खुडखुड. दुसरी किक, आणि इंजिनाची ती ओळखीची फटफट. त्यावर चित्र उजळतं आणि नवव्या सेकंदाला नाव येतं.

आता ओळख शेवटापासून लिहायची. चित्रफितीचा पहिला आवाज हे उत्तर आहे, तेव्हा आपलं शेवटचं वाक्य त्याआधीचा प्रश्न असायला हवं. स्कूटर हा शब्द शेवटच्या वाक्यात नको, किक तर नकोच. लोकांचे कान फक्त उघडे करून ठेवायचे. मग वरची वाक्यं भरायची, आणि तीही अशी की जी कॅमेऱ्याला सहजी दाखवता येत नाहीत. उदाहरणार्थ:

‘‘उद्योगपतींची घरं बहुधा कारखान्यापासून लांब असतात. यांनी घर केलं आकुर्डीत, कारखान्याच्या आवारातल्या वसाहतीत. शेजारी त्यांच्याच कारखान्यातले. यांच्या स्कूटरसाठी लोक वर्षानुवर्षं थांबले. नंबर लागला तेव्हा पेढे वाटले. आणि मग रोज सकाळी गल्लीगल्लीत, दारादारांत एकच आवाज व्हायचा.’’

पस्तीस शब्द. मंचावरचं मराठी सावकाश बोललं तर सेकंदाला दोन शब्दांच्या आसपास पडतं. आपले शब्द प्रत्यय पोटात घेऊन चालतात, ‘कारखान्यापासून’ या एकाच शब्दाला जिभेला बराच प्रवास होतो, त्यामुळे इंग्रजीतला सेकंदाला तीन शब्दांचा हिशेब इथे लावला तर वक्ता धापा टाकायला लागेल. पस्तीस शब्दांना, श्वास घेण्याच्या जागा धरून, वीसेक सेकंद. एवढीच ओळख? हो, एवढीच. फार तर आधी दोन वाक्यं पुरस्काराबद्दल. पुढे तीन मिनिटं सगळं सांगणारी फिल्म उभी असताना मिनिटाच्या वर बोलणारा माणूस फिल्मशी स्पर्धा करत असतो, आणि तिच्यामागे बासरी असते, याच्यामागे नसते.

आता त्या कागदावर दोन खुणा करायच्या. ‘पेढे’ या शब्दापासून शेवटापर्यंत अकरा शब्द आहेत, म्हणजे पाच-सहा सेकंद. सभागृहातले दिवे हळूहळू उतरायला तेवढा वेळ पुरतो. म्हणून दिवेवाल्याच्या कागदावर ठळक लिहायचं: ‘पेढे’ म्हटलं की दिवे. दुसरी खूण ऑपरेटरसाठी. चित्रफितीच्या सुरुवातीला दोन सेकंदांचा काळोख आहे, तेव्हा त्याने बटण शेवटच्या शब्दावर दाबायचं. ‘व्हायचा’ संपेल, दिवे गेलेले असतील, दोन सेकंद सगळ्यांना वाटेल आता काय, आणि अंधारात किक बसेल. पहिली वाया जाईल. जुना चेतक तिरपा करून सुरू करण्यात ज्यांची निम्मी सकाळ गेली आहे अशी जी पिढी सभागृहात बसलेली असते, ती इथे हसणार. नावाआधीच टाळी पडली की समजायचं, जमलं.

याच्या उलट काय होऊ शकतं, तेही बघा. हौशी वक्त्याला 1989 सालची ‘हमारा बजाज’ ही जाहिरात आठवते, आणि ओळखीच्या शेवटी तिचं नाव घेण्याचा मोह त्याला आवरत नाही. नाव घेतल्याबरोबर पन्नाशीच्या पुढचं अर्धं सभागृह ती चाल गुणगुणायला लागतं. वक्ता खूश. चित्रफितीत मात्र तीच चाल चाळिसाव्या सेकंदाला, दिग्दर्शकाने मोठ्या खुबीने दडवून ठेवलेली असते. ती येते तेव्हा सभागृह आधीच गाऊन मोकळं झालेलं असतं. फिल्मचा सर्वांत चांगला क्षण माइकवरच्या माणसाने आधीच खर्च केलेला असतो, आणि तसं झालं हे त्याच्या गावीही नसतं, कारण त्याने फिल्म पाहिलेली नाही.

नाव कुणी घ्यायचं, हा दुसरा वादाचा मुद्दा. मराठी सूत्रसंचालनात नावाआधी विशेषणांची वरात निघते आणि नवरदेव शेवटी येतो. चित्रफितीत नाव नवव्या सेकंदाला येणार असेल तर वक्त्याने ते घेऊच नये. सत्कार कुणाचा आहे हे निमंत्रणपत्रिकेवर, बॅनरवर आणि पार्किंगच्या पावतीवरही छापलेलं असतं. न घेतलेलं नाव पडद्यावर उमटतं तेव्हा त्याला वजन येतं. उलट चित्रफितीत नाव थेट शेवटी येत असेल, तर वक्त्याने ते स्वच्छ, एकदाच, सुरुवातीला घ्यावं. नाहीतर मागच्या रांगेतले तीन मिनिटं एकमेकांना विचारत राहतात.

जगातल्या बड्या समारंभांतही शब्द, फिल्म आणि माणूस यांचा क्रम लावणं हेच खरं काम असतं. 1972 च्या ऑस्कर सोहळ्यात चार्ली चॅप्लिनचा सन्मान झाला. अमेरिकेबाहेर वीस वर्षं काढून तो परतला होता. त्याच्या सिनेमांतली दृश्यं दाखवली गेली आणि त्यानंतर चॅप्लिन स्वतः मंचावर दिसला. पडद्यावरचा तरुण भटक्या आणि समोरचा पांढऱ्या केसांचा म्हातारा यांच्यामध्ये कुणाचं भाषण नव्हतं. लोक उठून उभे राहिले आणि टाळ्या बारा मिनिटं चालल्या, असं सांगतात. आपल्याकडे तेवढ्या वेळात दोन माजी नगरसेवकांचे सत्कार उरकले असते.

1992 मध्ये सत्यजित राय यांना मानद ऑस्कर मिळालं तेव्हा गोष्ट आणखी अवघड होती. राय कोलकात्यात रुग्णालयात होते, प्रवास शक्य नव्हता. 30 मार्चच्या त्या सोहळ्यात ऑड्री हेपबर्नने त्यांची ओळख करून दिली आणि राय आले ते पडद्यावरच, खाटेवरून, हातात ऑस्करची बाहुली धरून. लहानपणी हॉलिवूडच्या नट्यांना पत्रं पाठवल्याची आणि बिली वाइल्डरला लिहिलेल्या बारा पानी पत्राचं उत्तर न आल्याची गोष्ट त्यांनी मिस्कीलपणे सांगितली. 23 एप्रिलला ते गेले. अशा वेळी फिल्म ही सजावट राहत नाही, सत्कारमूर्तीच तिच्यातून सभागृहात येतात. ओळख करून देणाऱ्याने दार उघडायचं आणि बाजूला व्हायचं.

बाजूला होणं हे आपल्या वक्त्यांना सर्वांत जड जातं. चित्रफीत चालू असताना ते माइकपाशीच, पडद्याच्या कोपऱ्यात सावली पाडत उभे राहतात. ती संपली की एका सेकंदात म्हणतात, ‘‘किती सुंदर चित्रफीत होती ना! जोरदार टाळ्या झाल्या पाहिजेत!’’ ज्या टाळ्या आपोआप येत होत्या त्या तिथेच दबकतात, कारण मागितलेली टाळी वेगळी वाजते. शेवटची चौकट काळी झाल्यावर चार सेकंद गप्प राहावं. त्या चार सेकंदांत एकच गोष्ट बघण्यासारखी असते, सत्कारमूर्तींचा चेहरा. एलईडी भिंतीवर कॅमेऱ्याने तो दाखवावा, शब्दांनी नव्हे.

पण तो चेहरा दिसणार कसा? आपल्या मंचावर मान्यवरांच्या खुर्च्या एका ओळीत, प्रेक्षकांकडे तोंड करून मांडतात, आणि पडदा त्यांच्या पाठीमागे असतो. चित्रफीत सुरू झाली की सातही मान्यवर एकदम मागे वळतात. पहिल्या मिनिटाला उजवीकडून वळतात, दुसऱ्या मिनिटाला मान आखडते म्हणून डावीकडून. प्रेक्षकांना आयुष्यभराच्या कर्तृत्वाबरोबर सात जणांच्या पाठी दिसतात. ऐंशीच्या घरातले सत्कारमूर्ती मानेला पट्टा लावून आलेले असतील तर ते वळतच नाहीत. स्वतःच्या आयुष्यावरची फिल्म न बघता ते समोर, प्रेक्षकांकडे बघत बसतात. प्रेक्षकांना वाटतं, किती स्थितप्रज्ञ माणूस!

राहिला प्रश्न चित्रफीत सुरूच न होण्याचा. होतं असं, आणि होत राहणार. त्यासाठी वक्त्याच्या खिशात तिसऱ्या घडीत आणखी एक परिच्छेद असावा, पन्नासेक शब्दांचा, म्हणजे अर्ध्या मिनिटाचा. त्यात चित्रफितीत नसलेला एखादा प्रसंग असावा, आणि त्याचा शेवटही त्याच वाक्याने व्हावा, ‘एकच आवाज व्हायचा’. म्हणजे ऑपरेटरला दुसरी संधी मिळते आणि सभागृहाला काही बिघडल्याचा पत्ताही लागत नाही. मात्र हा परिच्छेद एकदाच चालतो. दुसऱ्यांदाही लॅपटॉप रुसला तर सरळ शाल-श्रीफळाकडे वळावं, चित्रफीत जेवणाआधी दाखवावी. तांत्रिक अडचणीबद्दल माफी मागत माइकवर उभं राहण्यात काही अर्थ नसतो. ऑपरेटरची बोटं त्याने आणखी थरथरतात.

हे सगळं जमवायला खर्च काहीच नाही. दुपारी पंधरा मिनिटं सभागृहात वक्ता, ऑपरेटर आणि दिवेवाला यांनी एकत्र यायचं, शेवटची तीन वाक्यं आणि चित्रफितीचे पहिले दहा सेकंद लागोपाठ दोनदा करून पाहायचे, फाइल सभागृहाच्या लॅपटॉपवर स्वतः उतरवून आवाजासकट तपासायची, आणि बाकीच्या सगळ्या Final पुसून टाकायच्या. ज्या कारखान्यात नव्या पार्टची चाचणी घेतल्याशिवाय तो लाइनवर चढवत नाहीत, तिथल्या माणसांना हे वेगळं समजावून सांगायला लागू नये.

तेव्हा पिंपरी-चिंचवड ते चाकणमधल्या समस्त आयोजकांना विनंती: पुढच्या जीवनगौरवाच्या वेळी ओळख करून देणाऱ्याला चित्रफीत आदल्या दिवशी पाठवा, आणि निदान सत्कारमूर्तींची खुर्ची तरी पडद्याकडे तोंड करून ठेवा. बाकीचे सहा जण मान वळवून घेतील.